युरेनियम-२३८ चा ६.६७ ईव्हीचा रेझोनन्स: कांडीतलं खरं न्यूट्रॉन शोषण कसं काढायचं, टप्प्याटप्प्याने

अणुभट्टीचं गणित शिकणारे बहुतेक जण एका ठराविक जागी घसरतात. तक्त्यातून युरेनियम-२३८ चा रेझोनन्स इंटिग्रल उचलतात, त्याला अणूंच्या संख्येने गुणतात आणि उत्तर येतं की जवळजवळ सगळे न्यूट्रॉन वाटेतच गिळले गेले. अशी भट्टी पेटणारच नाही, पण प्रत्यक्षात ती चालते. तक्त्यातला आकडा बरोबर असतो. तो ज्या परिस्थितीसाठी दिलेला असतो, ती परिस्थिती मात्र इंधनकांडीत नसते.

या लेखात एकच रेझोनन्स घेतला आहे, युरेनियम-२३८ चा सर्वांत खालचा मोठा, ६.६७ ईव्हीचा. इंधन म्हणजे साध्या पाण्याच्या दाबभट्टीतली युरेनियम डायऑक्साइडची कांडी. एक रेझोनन्स शेवटपर्यंत हाताने सोडवला की बाकीच्यांसाठी संगणकाचा कोड आत काय करतो हे कळतं, आणि त्याचं उत्तर कधी संशयास्पद आहे हेही ओळखता येतं.

## सुरुवातीपूर्वी: शोषण एवढं एकाएकी का उसळतं

न्यूट्रॉन युरेनियम-२३८ मध्ये शिरला की युरेनियम-२३९ चं एक संयुक्त अणुकेंद्रक तयार होतं. न्यूट्रॉनच्या बंधनऊर्जेमुळे त्याच्याकडे सुमारे ४.८ एमईव्ही जादा ऊर्जा येते. एवढ्या उंचीवर या अणुकेंद्रकाच्या ऊर्जापातळ्या दाटीने असतात, तरी सलग नसतात. मंद न्यूट्रॉनला लागू पडणाऱ्या दोन शेजारच्या पातळ्यांमध्ये सरासरी वीसेक ईव्हीचं अंतर असतं. प्रत्येक पातळीची स्वतःची रुंदी मात्र ईव्हीच्या काही शतांशांइतकीच असते.

येणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा एखाद्या पातळीशी नेमकी जुळली की संयुक्त अणुकेंद्रक बनण्याची शक्यता हजारो पटींनी वाढते. अर्धा ईव्ही इकडे किंवा तिकडे झाला, तर ती पुन्हा कोसळते. तापीय ऊर्जेला, म्हणजे ०.०२५३ ईव्हीला, युरेनियम-२३८ चं शोषण क्रॉस-सेक्शन सुमारे २.७ बार्न असतं. ६.६७ ईव्हीला स्थिर अणूसाठी ते २२,००० बार्नच्या वर जातं. त्यापुढचे मोठे रेझोनन्स २०.९, ३६.७ आणि ६६ ईव्हीच्या आसपास आहेत, आणि वर अशी रांगच लागते.

मंद होत जाणारा न्यूट्रॉन ही सगळी रांग ओलांडूनच तापीय ऊर्जेला पोचतो. त्यातले किती वाचतात, याचा हिशेब आपल्याला करायचा आहे.

## टप्पा १: चार आकडे, आणि एकाच स्रोतातून

मूल्यांकित अणुकेंद्रकीय डेटाच्या फाइलीतून या रेझोनन्ससाठी चार गोष्टी उतरवून घ्या. रेझोनन्स ऊर्जा ६.६७४ ईव्ही. न्यूट्रॉन रुंदी सुमारे १.४८ मिलिईव्ही. गॅमा रुंदी सुमारे २३.० मिलिईव्ही. स्पिनचा सांख्यिकी गुणक १, कारण युरेनियम-२३८ चा स्पिन शून्य आहे आणि हा रेझोनन्स एस-तरंगाचा आहे.

एकूण रुंदी म्हणजे या दोन रुंद्यांची बेरीज, सुमारे २४.५ मिलिईव्ही. तिच्यात गॅमाचा वाटा ९४ टक्के असल्यामुळे या ऊर्जेला संयुक्त अणुकेंद्रक बनलं की बहुधा ते गॅमा किरण सोडून न्यूट्रॉन कायमचा ठेवून घेतं. विकिरण, म्हणजे न्यूट्रॉन परत बाहेर पडणं, फक्त सहा टक्के वेळा घडतं. वरच्या काही रेझोनन्समध्ये हे प्रमाण उलटंही असतं, म्हणून ६.६७ ईव्हीची सवय डोळे झाकून ३६.७ ईव्हीला लावू नका.

सावध: एका फाइलीतली न्यूट्रॉन रुंदी आणि दुसऱ्या फाइलीतली गॅमा रुंदी एकत्र करू नका. या रुंद्या मोजमापांना एकत्रितपणे जुळवून ठरवलेल्या असतात. जोडी फोडली की शिखराची उंची बिघडते, आणि ती का बिघडली हे शोधणं फार अवघड जातं.

## टप्पा २: स्थिर अणूसाठी शिखराची उंची

```
σ0 = (2.604e6 / E0) * ((A+1)/A)^2 * g * Γn/Γ      (बार्न, E0 ईव्हीमध्ये)
σγ0 = σ0 * Γγ/Γ
```

इथे `A` म्हणजे युरेनियम-२३८ चं वस्तुमान न्यूट्रॉनच्या पटीत, २३६. आकडे भरले की एकूण शिखर सुमारे २३,७०० बार्न येतं, आणि त्यातला शोषणाचा भाग सुमारे २२,३०० बार्न. पुढे सगळीकडे हा दुसरा आकडा लागणार आहे.

याच आकड्यावरून मुक्त, म्हणजे अनंत विरळ, रेझोनन्स इंटिग्रलही काढून ठेवा:

```
I∞ = (π/2) * σγ0 * Γ / E0  ≈ 128 बार्न
```

तपासणी: युरेनियम-२३८ च्या सगळ्या रेझोनन्सचा मिळून अनंत विरळ इंटिग्रल सुमारे २७५ बार्न असतो. म्हणजे हा एकटा रेझोनन्स त्याचा जवळजवळ निम्मा वाटा उचलतो. तुमचं उत्तर ०.१२८ किंवा १,२८,००० आलं असेल, तर मिलिईव्ही आणि ईव्ही यांची गल्लत झाली आहे. पुढे जाण्याआधी ती शोधा.

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली घसरण इथेच होते. १२८ बार्न हा आकडा पाण्यात युरेनियमचा अगदी पुसटसा अंश विरघळलेला असताना खरा आहे, म्हणजे रेझोनन्समुळे न्यूट्रॉनच्या फ्लक्सला काहीच फरक पडत नसताना. कांडीत फरक पडतो, आणि खूप पडतो.

## टप्पा ३: तापमान घाला, पण क्षेत्रफळ मोजत राहा

अणू स्थिर नसतात. न्यूट्रॉनकडे येणाऱ्या आणि त्याच्यापासून दूर जाणाऱ्या अणूंना त्याची ऊर्जा थोडी वेगळी भासते. त्यामुळे रेझोनन्सची रेघ पसरते. हा पसारा डॉपलर रुंदीने मोजतात:

```
Δ = sqrt(4 * E0 * k * T / A)
```

३०० केल्विनला ही रुंदी सुमारे ५४ मिलिईव्ही येते, आणि ९०० केल्विनला सुमारे ९४. दोन्ही आकडे नैसर्गिक रुंदीपेक्षा, म्हणजे २४.५ मिलिईव्हीपेक्षा, कितीतरी मोठे आहेत. म्हणून भट्टीत दिसणारं शिखर मुख्यतः तापमानानेच घडवलेलं असतं. शोषणाचं शिखर स्थिर अणूच्या २२,३०० बार्नवरून ३०० केल्विनला सुमारे ७,१०० वर आणि ९०० केल्विनला सुमारे ४,५०० वर उतरतं.

सावध: इथून विद्यार्थी हमखास चुकीचा निष्कर्ष काढतात. शिखर उतरलं म्हणजे शोषण घटलं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. रेघ बुटकी होते तेवढीच रुंद होते, आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ तेच राहतं. अनंत विरळ इंटिग्रल तापमानाने बदलत नाही, तो १२८ चा १२८ च राहतो. कांडीतलं शोषण मात्र तापमानाबरोबर वाढतं. ते का वाढतं, हे पुढच्या टप्प्याशिवाय कळत नाही, म्हणून या टप्प्यावर थांबून कोणतंही विधान करू नका.

आणखी एक गोष्ट. या सूत्रात इंधनाचं तापमान जातं, पाण्याचं नव्हे. दाबभट्टीत पाणी ५८० केल्विनच्या आसपास असतं, तर पूर्ण शक्तीवर इंधनाचं सरासरी तापमान त्याहून बरंच वर असतं, आणि पेलेटचा मध्य कडेपेक्षा कितीतरी गरम असतो. हलायला हवेत ते युरेनियमचे अणू, आणि ते पेलेटमध्ये आहेत.

## टप्पा ४: फ्लक्समधला खळगा

सगळा मुद्दा या टप्प्यात आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पेलेटमध्ये युरेनियम-२३८ चे अणू प्रति घनसेंटीमीटर सुमारे ०.०२२५ × १०²⁴ असतात (घनता १०.४ ग्रॅम, समृद्धी सुमारे ३ टक्के). ९०० केल्विनच्या शिखरावर न्यूट्रॉनची सरासरी मुक्त धाव काढली तर ती मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आत येते. पेलेटचा व्यास ८.२ मिलिमीटर आहे. नेमक्या ६.६७ ईव्हीचा न्यूट्रॉन पेलेटच्या कडेलाच संपतो, आतल्या युरेनियमपर्यंत तो पोचतच नाही. वापरलेल्या पेलेटच्या कडेच्या पातळ थरात प्लुटोनियम जास्त साचलेलं आढळतं ते याच कारणाने.

म्हणजे जिथे क्रॉस-सेक्शन प्रचंड, तिथेच शोषायला न्यूट्रॉन उरलेले नसतात. याला स्वआच्छादन म्हणतात. शोषणाचा दर म्हणजे क्रॉस-सेक्शन गुणिले फ्लक्स, आणि या दोघांतला एक वाढला की दुसरा घटतो. क्रॉस-सेक्शनचं वेगळं सरासरीकरण करून त्याला वेगळ्या सरासरी फ्लक्सने गुणलं, की हा संबंध तुटतो आणि उत्तर कितीतरी पटींनी फुगतं.

फ्लक्सचा आकार ठरवण्यापूर्वी दोन लांब्यांची तुलना करा. दोन्ही ऊर्जेच्या अक्षावरच्या आहेत.

पहिली म्हणजे रेझोनन्सची व्यावहारिक रुंदी. जिथपर्यंत युरेनियमचं शोषण पार्श्वभूमीच्या विकिरणापेक्षा वरचढ आहे, तेवढा हा पट्टा. नैसर्गिक रुंदीला `sqrt(σγ0/σm)` ने गुणलं की ती मिळते. `σm` म्हणजे एका युरेनियम-२३८ अणूच्या वाट्याला येणारं पार्श्वभूमीचं क्रॉस-सेक्शन. ते पुढच्या टप्प्यात काढू, सध्या ५० बार्नच्या आसपास धरा. व्यावहारिक रुंदी अर्ध्या ईव्हीच्या जवळ येते.

दुसरी म्हणजे एका टक्करीत न्यूट्रॉन किती ऊर्जा गमावतो. हायड्रोजनवर आपटला तर सरासरी निम्मी, म्हणजे तीन ईव्हीहून अधिक. तो अर्ध्या ईव्हीचा पट्टा एका उडीत पार करतो. ऑक्सिजनवर सरासरी पाऊण ईव्ही, म्हणजे जेमतेम पार. युरेनियमवर मात्र जास्तीत जास्त ०.११ ईव्ही. अशी टक्कर झाली तरी न्यूट्रॉन बहुधा त्याच पट्ट्यात अडकून राहतो.

यातून नियम मिळतो. या रेझोनन्ससाठी युरेनियमवरचं विकिरण न्यूट्रॉनला पट्ट्याबाहेर काढतं असं धरू नका. पार्श्वभूमीत फक्त मंदायक आणि ऑक्सिजन घ्या. मग फ्लक्सचा आकार असा:

```
φ(E) ∝ (1/E) * σm / (σm + σγ(E))
```

आणि परिणामी इंटिग्रल:

```
I = ∫ σγ * σm/(σm + σγ) dE/E
```

`σγ` खूप मोठं झालं की आतलं पद `σm` च्या वर जाऊच शकत नाही. शिखर ७,१०० असो की २२,३००, कांडीच्या दृष्टीने तो ५० बार्नच असतो. शोषणाचा खरा हिशेब शिखरावर होतच नाही. तो उतारांवर होतो, जिथे `σγ` आणि `σm` जवळपास सारखे असतात.

तापमानाचं कोडंही इथेच सुटतं. रेघ पसरली की शिखर खाली येतं, पण तिथे काही गमावलं जात नाही, कारण तिथला खळगा आधीच तळाला गेलेला असतो. उतार मात्र बाहेर सरकतात, जिथे भरपूर न्यूट्रॉन आहेत, आणि तिथे नवं शोषण सुरू होतं. इंधन तापलं की शोषण वाढतं, साखळी प्रक्रिया मंदावते. डॉपलरचा हा ऋण प्रतिसाद पाणी तापण्याची वाट पाहत नाही, कारण तो इंधनातच घडतो.

तपासणी: शून्य तापमानाला हे इंटिग्रल हाताने सुटतं: `I = I∞ / sqrt(1 + σγ0/σm)`. पुढच्या कोणत्याही संगणकीय उत्तराची तुलना आधी याच्याशी करा. तापमान घातल्यावरचं उत्तर याच्यापेक्षा थोडं मोठं यायला हवं. लहान आलं, तर कुठेतरी क्षेत्रफळ सांडलं आहे.

## टप्पा ५: कांडीची भूमिती एका आकड्यात आणा

इंधन आणि पाणी एकजीव मिसळलेले नसतात, पण एक सोपी युक्ती चालते. कांडीतून बाहेर निसटणं हेसुद्धा पार्श्वभूमीच्या विकिरणासारखंच धरता येतं, कारण निसटलेला न्यूट्रॉन पाण्यात जाऊन एका टक्करीत पट्टा सोडून जातो. लांब कांडीसाठी सरासरी जीवा व्यासाइतकीच असते, म्हणून:

```
σe = 1 / (N * d) = 1 / (0.0225 * 0.82) ≈ 54 बार्न
```

यात पेलेटमधल्या ऑक्सिजनचा वाटा मिळवा. एका युरेनियम-२३८ अणूमागे दोन ऑक्सिजनपेक्षा किंचित जास्त, प्रत्येकी ३.८ बार्न, मिळून ७.८. एकट्या कांडीसाठी `σm` सुमारे ६२ बार्न होतं.

सावध: व्यास पेलेटचा घ्या, आवरणासकट कांडीचा नव्हे. झिर्कोनियमचं आवरण ६.६७ ईव्हीला जवळजवळ पारदर्शक असतं. आवरणाचा ९.५ मिलिमीटर व्यास वापरला तर `σe` चौदाएक टक्क्यांनी खाली येतं.

पण भट्टीत कांडी एकटी नसते. एका कांडीतून निसटलेला न्यूट्रॉन पाण्यात न आपटता थेट शेजारच्या कांडीत शिरला, तर तो सुटला असं म्हणता येत नाही. शेजारच्यांच्या या सावलीला डॅन्कॉफ परिणाम म्हणतात. दाबभट्टीच्या जाळीसाठी हा गुणांक ०.३ धरून पुढे जाऊ. `σe` त्या प्रमाणात कमी केलं की ३८ च्या आसपास येतं आणि `σm` ४६ वर उतरतं. शून्य तापमानाचा इंटिग्रल ६.८ वरून ५.८ बार्नवर येतो.

शेजारी विसरले की शोषण सुमारे सहाव्या भागाने जास्त दिसतं. पाण्याची घनता बदलली की हा गुणांकही बदलतो, म्हणून थंड आणि गरम भट्टीसाठी तोच आकडा वापरू नका.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासारख्या जडपाण्याच्या भट्टीत हीच पायरी जास्त जपून करावी लागते. तिथे ३७ कांड्यांचा जुडगा एका नळीत घट्ट बसवलेला असतो आणि मंदायकाचा मोठा साठा नळीबाहेर असतो. आतल्या कांड्यांवर सावली दाट पडते, बाहेरच्या वर्तुळातल्या कांड्यांवर कमी. एकच डॅन्कॉफ आकडा साऱ्या जुडग्याला लावला तर आतल्या कांड्यांचं शोषण फुगतं आणि बाहेरच्यांचं दबतं. टप्पा ४ चा नियम मात्र तिथेही टिकतो, कारण ड्युटेरियमवरच्या एका टक्करीत न्यूट्रॉन सरासरी ऊर्जेचा ४/९ भाग गमावतो, म्हणजे सुमारे तीन ईव्ही.

## टप्पा ६: तापमानासकट इंटिग्रल

आता डॉपलरने पसरलेली रेघ टप्पा ४ च्या सूत्रात घालायची. पसरलेल्या रेघेचा आकार संमिश्र त्रुटीफलनातून मिळतो, म्हणून तो संगणकाकडून काढून घेणं बरं.

```python
import numpy as np
from scipy.special import wofz

E0, Gn, Gg, A = 6.674, 0.001476, 0.0230, 236.006
G  = Gn + Gg
s0 = 2.604e6/E0 * ((A+1)/A)**2 * Gn/G
sg, sm = s0*Gg/G, 45.7

def I(T):
    D = np.sqrt(4*E0*8.617e-5*T/A)
    u = np.linspace(-30, 30, 600001)
    psi = np.sqrt(np.pi)*G/(2*D) * wofz((u + 0.5j*G)/D).real
    s = sg*psi
    return np.sum(s*sm/(s+sm)) * (u[1]-u[0]) / E0

for T in (1, 300, 900):
    print(T, round(I(T), 2))
```

१ केल्विनला उत्तर ५.८ च्या जवळ यायला हवं. ३०० केल्विनला सुमारे ५.९ आणि ९०० केल्विनला सुमारे ६.२ बार्न. दोन तापमानांतला फरक साडेचार-पावणेपाच टक्के.

`u` चा पल्ला मुद्दाम ±३० ईव्ही ठेवला आहे. ऋण ऊर्जेला भौतिक अर्थ नाही, पण वर दिलेलं हाताचं सूत्र अनंत पल्ल्याचं असल्यामुळे तुलना करायची तर पल्लाही मोठा हवा. ±३ ईव्ही ठेवून बघा, पाच-सहा टक्के शोषण गायब होईल. रेझोनन्सचे पंख किती लांबवर काम करतात हे त्यावरून लक्षात येतं.

सावध: ऊर्जेची पावलं इथे ०.१ मिलिईव्हीची आहेत. ती १०० मिलिईव्हीची केली, तर कमी तापमानाची रेघ दोन बिंदूंच्या मध्ये हरवू शकते. संगणक तक्रार करत नाही, नुसतं चुकीचं उत्तर देतो. पावलं निम्मी करून उत्तर हलत नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहा.

## टप्पा ७: उत्तर भट्टीला लावून पाहा

एवढ्यावर थांबू नका. ६.२ बार्न बरोबर की चूक हे नुसतं बघून कळत नाही. किती न्यूट्रॉन वाचले, यावरून कळतं. हा रेझोनन्स ओलांडून जाण्याची शक्यता:

```
p = exp( - N * I * (Vf/Vm) / (ξΣs) )
```

पेलेट ८.२ मिमी, आवरण ९.५ मिमी, कांड्यांमधलं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर १२.६ मिमी धरलं, तर इंधन आणि पाणी यांचं आकारमान-गुणोत्तर ०.६० येतं. गरम पाण्याची (घनता ०.७१) मंदन क्षमता सुमारे ०.९८ प्रति सेंटीमीटर. घात ०.०८६ आणि `p` सुमारे ०.९२. म्हणजे मंद होणाऱ्या शंभरातले आठेक न्यूट्रॉन या एका रेझोनन्समध्ये जातात.

आता हेच गणित १२८ बार्न घालून करा. `p` ०.१७ येतो. एकाच रेझोनन्सने शंभरातले ८३ गिळले, अजून २०.९ ईव्हीपासूनची सगळी रांग बाकी आहे, आणि तरी भट्टी चालते असं म्हणावं लागेल. स्वआच्छादन विसरल्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे. ती ओळखायला कोणताही कोड लागत नाही.

दुसरी तपासणी तापमानाची. ३०० वरून ९०० केल्विनला जाताना `p` सुमारे ०.४ टक्क्याने घटतो. ६०० केल्विनमध्ये एवढं, म्हणजे दर केल्विनला लाखात साधारण ०.६ ते ०.७ भाग, आणि चिन्ह ऋण. साध्या पाण्याच्या भट्टीचा संपूर्ण डॉपलर गुणांक दर केल्विनला लाखात दोन ते चार भाग असतो. आपल्या एका रेझोनन्सचा वाटा त्याच्या आत बसतो, हे ठीक आहे. तुमच्या उत्तराचं चिन्ह धन आलं, तर टप्पा ३ ची चूक झाली आहे: शिखराची उंची वापरली गेली, क्षेत्रफळ नाही.

## कोड वापरताना हीच चूक कुठे लपते

बहुगट कोडमध्ये हीच चूक दुसऱ्या वेशात येते. जुन्या ६९ गटांच्या विम्स वाचनालयात ६.६७ ईव्हीचा रेझोनन्स ४ ते ९.८७७ ईव्हीच्या एकाच गटात पडतो. या गटाची लोगॅरिथमिक रुंदी ०.९० आहे. आच्छादन न लावता गटाचं सरासरी शोषण काढलं तर या एका रेझोनन्समुळे १४० बार्नच्या वर येतं. आच्छादन लावलं तर सात बार्नच्या आसपास. फाइलीत दोन्ही आकडे असू शकतात, कारण वाचनालय वेगवेगळ्या पार्श्वभूमीसाठी तक्ते देतं. इनपुटमध्ये इंधनाच्या प्रदेशाला रेझोनन्स-प्रदेश म्हणून चिन्हांकित करायचं राहिलं, किंवा डॅन्कॉफचा रकाना कोरा राहिला, की कोड निमूटपणे चुकीच्या ओळीतला आकडा उचलतो.

म्हणून गणना चालवण्यापूर्वी एक छोटी सवय लावा. गटनिहाय सूक्ष्म क्रॉस-सेक्शन छापून घ्या आणि ४ ते ९.८७७ ईव्हीच्या गटाकडे बघा. तिथे युरेनियम-२३८ चं शोषण एक अंकी किंवा दहाच्या आसपास असेल तर पुढे जा. शंभरच्या वर असेल तर थांबा. बाकी निकाल कितीही देखणे दिसोत.

## ही पद्धत कुठवर चालते

कांडीतून निसटण्याची शक्यता आपण अगदी साध्या सूत्राने धरली. खऱ्या कामात त्यावर बेल गुणक नावाची एक दुरुस्ती लावतात, आणि तिने `σe` दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतं. इंटिग्रल साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून उत्तरावरचा परिणाम त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो.

दुसरी मर्यादा शेजारच्या रेझोनन्सची. युरेनियम-२३५ चा एक रेझोनन्स ६.३९ ईव्हीला आहे, म्हणजे आपल्या खळग्याच्या कडेलाच. समृद्धी वाढली की दोघांना वेगवेगळं सोडवून बेरीज करणं चुकीचं ठरतं, कारण दोघं एकाच न्यूट्रॉनसाठी झगडतात. अशा वेळी सूक्ष्म ऊर्जाजाळीवर दोघांचं एकत्र गणित करावं लागतं.

तिसरी गोष्ट अनेक जुन्या कोडमध्येही राहून गेली होती. आपण युरेनियमवरची टक्कर निरुपयोगी धरली. पण गरम युरेनियमचा अणू न्यूट्रॉनला किंचित वरही ढकलू शकतो. रेझोनन्सच्या खालून निसटून गेलेला न्यूट्रॉन अशा टक्करीने परत उतारावर येतो आणि पकडला जातो. हा परिणाम धरला की साध्या पाण्याच्या भट्टीचा डॉपलर गुणांक सुमारे दहा टक्क्यांनी अधिक ऋण होतो. माँटे कार्लो कोड वापरत असाल तर युरेनियम-२३८ साठी रेझोनन्स विकिरणाचा हा पर्याय चालू आहे की नाही, हे इनपुटमध्ये तपासून घ्या. बऱ्याचदा तो स्वतःहून चालू नसतो.

वरच्या रेझोनन्ससाठी हाच क्रम चालतो, फक्त टप्पा ४ मधली रुंद्यांची तुलना प्रत्येकासाठी नव्याने करा. ऊर्जा वाढते तशी युरेनियमवरच्या एका टक्करीतली हानीही वाढते. शंभर ईव्हीला ती जास्तीत जास्त १.७ ईव्हीपर्यंत जाते. पुढे पुढे ती व्यावहारिक रुंदीला मागे टाकते, आणि तिथे युरेनियमचं स्वतःचं विकिरणही पार्श्वभूमीत धरावं लागतं. मधल्या पट्ट्यात ना हे टोक पूर्ण खरं, ना ते. तिथे दोन्ही गृहीतकांनी उत्तर काढा. दोन्हींतलं अंतर काही टक्क्यांपेक्षा मोठं निघालं, तर त्या रेझोनन्ससाठी सूक्ष्म जाळीचं गणितच करा.